आजीच्या गोष्टी आणि `Made for kids`: कोणत्या व्हिडिओला ‘हो’ म्हणायचं, कोणत्याला ‘नाही’?

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत विचारलं की उत्तरंही दोन ओळींत येतात आणि गोंधळ तसाच राहतो.

माझी आई ७४ वर्षांची आहे. बालवाडीत ३१ वर्षं शिकवलं तिने. दीड वर्षापूर्वी मी तिचं यूट्यूब चॅनेल सुरू केलं. ओसरीवर सतरंजी, मागे तुळशीवृंदावन, मोबाइल स्टुलावर, एवढाच आमचा स्टुडिओ. आतापर्यंत ४१ व्हिडिओ झालेत. त्यात २३ बडबडगीतं आहेत (हातवाऱ्यांसकट), ९ गोष्टी, ५ जात्यावरच्या ओव्या, २ भोंडल्याचे आणि २ अंगाईचे.

सुरुवातीला अपलोड करताना तो प्रश्न यायचा, हे मुलांसाठी आहे का? मी दर वेळी ‘नाही’ म्हणत गेले, कारण नीट वाचलंच नव्हतं. गेल्या महिन्यात वाचलं आणि घाबरून चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सरसकट ‘हो’ केलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अगं, माझी पत्रं कुठे गेली?” ती कमेंटना पत्रं म्हणते. रोज चहा झाला की चष्मा लावून एकेक वाचायची. कुणी खानदेशातून लिहायचं, “आमच्याकडे दुसरं कडवं वेगळं आहे.” आई ते वहीत उतरवून घ्यायची. ते सगळं दिसेनासं झालं. नव्या व्हिडिओची सूचना देणारी घंटा गेली, शेवटी पुढचा व्हिडिओ दाखवायची चौकट गेली, पोस्टही टाकता येईनात.

झालं ते माझ्याच हाताने, कुणावर राग नाही. पण आता मला नीट समजून घ्यायचंय. हा नियम नेमका कशासाठी आहे? आणि ४१ पैकी कुठले व्हिडिओ खरंच ‘मुलांसाठी’ धरायचे?

---

कोकणकन्या

वाचून वाईट वाटलं गं. आजींची वही जपून ठेव. बाकी मला तांत्रिक काही कळत नाही, जाणकार येतीलच.

---

प्रसाद_दे

ताई, हा अमेरिकेचा कायदा आहे, कोपा. १९९८ चा. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करू नका असं सांगणारा. आपला काय संबंध? तुम्ही वाईत, आजी वाईत, बघणारे महाराष्ट्रात. सगळ्याला परत ‘नाही’ करा आणि कमेंट उघडा. तसंही `No, it's not made for kids` केलं की मुलांना तो व्हिडिओ दिसणारच नाही, मग तक्रार कोण करणार?

---

टवाळ_पण_गुणी

प्रसाद, मुलांना दिसलाच नाही तर आजी गोष्ट सांगणार कुणाला, तुळशीला? 😀

---

हेमंत_ब

प्रसाद यांचं वर्ष बरोबर आहे, वयही बरोबर आहे, पण शेवटची दोन वाक्यं साफ चुकीची आहेत. मी पुण्यात आठ वर्षं जाहिरातींच्या तंत्रात काम केलं, आता एका कंपनीत माहितीच्या गोपनीयतेचं बघतो. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी तो गैरसमज. `not made for kids` म्हणजे ‘मुलांना बंदी’ नव्हे. १८ वर्षांवरच्यांपुरताच व्हिडिओ ठेवायचा वेगळा पर्याय त्याच पानावर खाली असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘मुलांसाठी नाही’ याचा अर्थ एवढाच की हा व्हिडिओ मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही. मुलं तो खुशाल बघू शकतात.

आता मूळ गोष्ट. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यूयॉर्क राज्याचे महान्यायवादी यांच्याशी गूगल-यूट्यूबने तडजोड केली, १७ कोटी डॉलरची. आरोप असा होता की मुलांच्या चॅनेलवर येणाऱ्या प्रेक्षकांच्या ब्राउझरवर खुणा ठेवल्या जात होत्या आणि त्या खुणांवरून जाहिराती नेमून दाखवल्या जात होत्या, तेही पालकांना न विचारता. ‘माहिती’ म्हटलं की आपल्याला नाव-पत्ता आठवतो. पण २०१३ मध्ये कोपाचे नियम बदलले तेव्हा ही खूणसुद्धा वैयक्तिक माहितीत धरली गेली. तुम्ही कोण हे तिला ठाऊक नसतं, पण काल खेळण्यातला डंपर बघणारा आणि आज आजीची गोष्ट बघणारा हा एकच, हे तिला कळतं. जाहिरात नेमायला तेवढं पुरतं.

कंपनीचं म्हणणं होतं की आमची सेवा १३ वर्षांवरच्यांसाठी आहे. आणि त्याच वेळी खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना सांगितलं जात होतं की ६ ते ११ वयोगटापर्यंत पोचण्यात आम्ही टीव्हीच्याही पुढे आहोत. सरकारी तक्रारीत ही दोन्ही विधानं शेजारी शेजारी ठेवली होती.

त्या तडजोडीतून नोव्हेंबर २०१९ पासून हा प्रश्न जगभरच्या प्रत्येक चॅनेलवाल्याला येऊ लागला. त्यामुळे “आपण वाईत” हे इथे चालत नाही. यूट्यूबच्या अटी वाईलाही लागू आहेत. आणि अमेरिकेतल्या मुलांसाठी असलेली सेवा परदेशातून चालत असली तरी कोपा लागू होतो, असं कमिशन सांगतं. अमेरिकेतून कुणी वाईत नोटीस घेऊन येणार नाही, हे मीही मानतो. पण तुम्ही ‘नाही’ ठेवलं आणि यूट्यूबला तो व्हिडिओ मुलांचा वाटला, तर ते स्वतः त्याला ‘मुलांसाठी’ अशी खूण लावतात. मग ती तुम्हाला हलवता येत नाही, अपील करावं लागतं.

---

अनघा_न्यूजर्सी

मृण्मयी, बहुतेक मी तुझ्या आईचेच व्हिडिओ बघते! तुळशीवृंदावन आणि हिरवी सतरंजी? माझी मुलं त्यांना ‘वाईची आजी’ म्हणतात. म्हणजे प्रेक्षक महाराष्ट्रातच आहेत असं नाही हो प्रसाद.

कमेंटबद्दल मात्र मला उलट बाजू सांगायची आहे. माझा धाकटा नऊ वर्षांचा असताना घरच्या टॅबवर माझ्याच खात्यातून एक कागदी विमानांचा व्हिडिओ बघत होता. खाली त्याने कमेंट टाकली. स्वतःचं नाव, शाळेचं नाव, आणि “मी तिसरीत आहे, उद्या सुटीत मागच्या मैदानावर उडवणार आहे.” वर माझं आडनाव होतंच. मला चार दिवसांनी कळलं, कारण खाली एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं होतं. फक्त ‘किती वाजता?’ एवढंच. कदाचित तोही एखादा मुलगाच असेल. मला कधीच कळणार नाही. मी ती कमेंट काढली आणि रात्रभर झोपले नाही.

तो व्हिडिओ ‘मुलांसाठी’ अशी खूण नसलेला होता. खूण असती तर कमेंटची चौकटच नसती.

---

कोकणकन्या

बाप रे अनघा. अंगावर काटा आला.

---

हेमंत_ब

अनघाताईंनी जे सांगितलं तेच कमेंट बंद होण्यामागचं कारण आहे, फक्त कायद्याच्या भाषेत नाही. लोकांना वाटतं जाहिरातींचा नियम वेगळा आणि कमेंटचा वेगळा. तसं नाही. कोपात ‘माहिती गोळा करणं’ याच्या व्याख्येत, मुलाला स्वतःची माहिती चारचौघांत मांडता येईल अशी सोय करून देणं हेसुद्धा येतं. कंपनीने काही विचारायची गरजच नाही, मोकळी चौकट ठेवली की झालं. मूल त्यात शाळेचं नाव लिहितं, ती माहिती ‘गोळा’ झाली.

‘कमेंट बंद करा’ असं वाक्य मात्र कायद्यात कुठेही नाही. मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध होण्याआधी काढून टाकण्याची चोख व्यवस्था असेल, तर सोय ठेवता येते. लहानशा संकेतस्थळाला ते जमेल. यूट्यूबच्या पसाऱ्यात प्रत्येक कमेंट आधी वाचणं शक्य नाही, म्हणून त्यांनी सरळ चौकटच काढली. घंटा, थेट प्रक्षेपणातल्या गप्पा, यादीत साठवणं, सभासदत्व हेही तसंच गेलं, कारण या सगळ्यात बघणाऱ्याची काही ना काही नोंद ठेवावी लागते.

---

किल्लेदार

माझाही हाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. दिवाळीत मी आणि मुलीने (वय ८) अंगणात किल्ला केला. मातीची चाळण कशी घ्यायची, पोत्यावर चिखल कसा थापायचा, अळीव कधी पेरायचे म्हणजे चार-पाच दिवसांत हिरवं होतं, सगळं दाखवलंय. मी खूण ‘मुलांसाठी नाही’ अशीच केली होती, तरी कमेंट बंद! आणि जाहिराती मात्र चालूच आहेत. मग हेमंतजी, तुमचा नियम अर्धाच लागला का माझ्या व्हिडिओला?

---

हेमंत_ब

किल्लेदार, तुमचा प्रश्न हा नाहीच. दिसायला सारखा आहे, पण कारण वेगळं.

व्हिडिओ *मुलांसाठी* असणं आणि व्हिडिओत *मूल दिसणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे त्या तडजोडीच्याही आधी, लहान मुलं दिसणाऱ्या साध्या घरगुती व्हिडिओंखाली काही लोक अत्यंत घाणेरड्या कमेंट टाकत असल्याचं बाहेर आलं. कोणत्या सेकंदाला काय दिसतं, हे ते एकमेकांना सांगत होते. मोठ्या जाहिरातदारांनी जाहिराती थांबवल्या आणि यूट्यूबने मुलं दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या. तो निर्णय बघणाऱ्या मुलासाठी नव्हता, दिसणाऱ्या मुलासाठी होता. त्याचा जाहिरातींशी संबंध नाही, म्हणून तुमच्या जाहिराती चालू आहेत.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओंच्या यादीत `Restrictions` असा रकाना असतो. तिथे `Made for kids` दिसलं तर पहिलं कारण. ते नसेल आणि व्हिडिओभर मुलगी दिसत असेल, तर बहुधा दुसरं.

---

किल्लेदार

अच्छा. मुलगी पूर्ण वेळ आहे व्हिडिओत, तीच तर बुरूज करते. आता विचार केला तर कमेंट बंद आहेत तेच बरं. पुढच्या दिवाळीला फक्त हात दिसतील असं चित्रीकरण करेन.

(अवांतर: अळीव नाही मिळाले तर मोहरीही चालते, पण ती उंच वाढते आणि मावळे झाकले जातात.)

---

मेधा_सोलापूर

मोहरी नकोच, नाचणी पेरा. आणि किल्ला उतरवल्यावर माती तुळशीला घाला.

---

सुजाता७१

माझा अनुभव जाहिरातींचा. नात गोष्टी बघते माझ्या फोनवर. मी आदल्या दिवशी पैठणी बघितली की गोष्टीच्या आधी पैठणीची जाहिरात येतेच येते. परवा तर नातीने विचारलं, “आजी, तुला जांभळी हवीये का?” मग नियम कुठे पाळला जातोय?

---

हेमंत_ब

सुजाताताई, ‘मुलांसाठी’ अशी खूण असलेल्या व्हिडिओवर तुमच्या पैठणीचा माग काढून जाहिरात लागता कामा नये. म्हणजे नात बघते त्या चॅनेलवाल्याने बहुधा ‘नाही’ असं निवडलं आहे, मृण्मयीताईंनी आधी केलं होतं तसंच. पडताळून बघा. जाहिरात चालू असताना कोपऱ्यात छोटा `i` किंवा तीन ठिपके असतात, त्यावर बोट ठेवलं की ही जाहिरात का दिसली ते सांगतात. आणि खाली कमेंट उघड्या असतील तर खूण नाही, हे नक्कीच.

एक मात्र लक्षात घ्या. खूण असली तरी जाहिराती *बंद होत नाहीत*. त्या व्हिडिओच्या विषयावरून लागतात, बघणाऱ्यावरून नाही. जुन्या काळी मासिकात पाककृतीच्या पानावर कुकरची जाहिरात असायची तसं. ते पान कोण उलटतंय हे कुकरवाल्याला माहीत नसायचं. शिवाय मुलांच्या व्हिडिओवर काही जाहिराती मुळातच चालत नाहीत. खाण्यापिण्याच्या पदार्थांची तर कुठलीच नाही, मग ते चिप्स असोत की दूध.

---

प्रसाद_दे

पण मग कमाई जाते ना? व्यक्ती बघून नेमलेल्या जाहिरातीला भाव जास्त मिळतो. मी माझ्या मित्राचं बघितलंय, तो मुलांची गाणी ॲनिमेट करतो. २०२० नंतर त्याने दोन माणसं कमी केली. मोठी चॅनेलं तरतात, आकडा मोठा असतो. मराठीत मुलांसाठी चांगलं करणारे मुळात किती? ते मेले की मुलं हिंदी-इंग्रजी बघणार. ‘मुलांचं रक्षण’ म्हणताना हा हिशेब कुणी करत नाही.

---

हेमंत_ब

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. भाव पडतो हे खरं. किती पडतो ते चॅनेलगणिक वेगळं असतं, म्हणून आकडा सांगत नाही. पण भाव टिकवायचा तर चार वर्षांच्या मुलाचा माग काढणं सुरू ठेवायचं, हेही मला पटत नाही. मित्राची तगमग समजते.

---

जि_प_मास्तर

मी दुसरीच्या वर्गाला शिकवतो. कोरोनात कवितांना चाली लावून व्हिडिओ केले, ते अजून चालतात. सुरुवातीपासून ‘मुलांसाठी’ म्हणूनच टाकले. कमेंट नाहीत म्हणून माझं काही अडलं नाही. पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे, तिथे दुवा टाकतो आणि तिथेच आया सांगतात की पोराने चाल बदलली म्हणून.

प्रश्न असा की आपल्याकडे आता स्वतःचा कायदा आलाय ना? त्यात शाळांना सूट आहे असं केंद्रप्रमुख म्हणाले. मग मी शिक्षक म्हणून माझ्या चॅनेलला ती लागू होते का?

---

हेमंत_ब

सर, आपला कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतात. त्यातलं कलम ९ आपल्या कामाचं. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढणं, वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिराती यांना मनाई. ही कलमं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

शाळांची सूट आहे, पण ती मर्यादित. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेला मुलांवर लक्ष ठेवावं लागतं, तेवढ्यापुरती. तुमचं यूट्यूब चॅनेल म्हणजे शाळा नव्हे. तशीही त्या चॅनेलवर माग काढणारे तुम्ही नाही, मंच आहे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो फरक पुढे आहे. आपल्याकडे मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, अमेरिकेत १३. आणि अमेरिकेतल्या तडजोडीने खूण *व्हिडिओला* लावली. आपला कायदा *माणसाचं वय* विचारतो. तिकडे व्हिडिओला खूण लावली की बघणारा कुणीही असो, त्याला मूल धरायचं आणि मोकळं व्हायचं. वय विचारावंच लागत नाही.

---

टवाळ_पण_गुणी

म्हणजे माझे ८१ वर्षांचे आजोबा दुपारी वाईच्या आजींची गोष्ट ऐकतात, तेव्हा कायद्याने ते १३ वर्षांखालचे? आजोबांना सांगितलं, खूश झाले. म्हणाले, मग आज गोळ्या घेणार नाही.

---

हेमंत_ब

😀 अगदी तसंच. त्या व्हिडिओपुरती आजोबांची माहिती मुलाची म्हणूनच हाताळली जाते.

---

अनघा_न्यूजर्सी

आणि उलट बाजूने सुजाताताईंची नात. फोन आजीचा, खातं आजीचं, वय ६० च्या पुढे. भारतातला नियम वय बघणार असेल तर नात त्याला दिसणारच नाही ना? आपल्याकडे तर एका घरात एकच फोन पाच जण वापरतात.

---

हेमंत_ब

नेमकं बोट ठेवलंत. खात्यावरचं वय प्रौढ आणि हातात फोन धरणारं मूल, तिथे काय करायचं यावर आमच्या कार्यालयातही वाद चालू आहे. एक गट म्हणतो, व्हिडिओला खूण लावायची पद्धतच शेवटी उपयोगी पडेल. दुसरा म्हणतो, सगळ्यांचं वय पडताळा. दुसरा मार्ग मला धोक्याचा वाटतो. मुलांची माहिती वाचवायला निघायचं आणि घराघरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं मागायची, हे उरफाटं आहे.

---

मृण्मयी_वाई

किती छान लिहिताय सगळे. अनघा, हो गं, हिरवीच सतरंजी! आईला सांगितलं, तिने तुझ्या मुलांना पापा पाठवलाय.

तुझा अनुभव मात्र तिला मुद्दाम वाचून दाखवला नाही, मीच दोनदा वाचला. बडबडगीतांवर कमेंट बंद राहिल्या तरी आता माझी तक्रार नाही.

पण हेमंतदादा, मूळ प्रश्न राहिलाच. ४१ चं काय करू? सगळे ‘हो’ ठेवणं सर्वांत सुरक्षित नाही का?

---

हेमंत_ब

सरसकट ‘हो’ नको आणि सरसकट ‘नाही’ तर नकोच. सरसकट करण्याचं ताजं उदाहरण डिस्नेचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी १ कोटी डॉलर भरून कमिशनशी तडजोड केली. तक्रार अशी होती की व्हिडिओ एकेक न बघता चॅनेलच्या पातळीवर खूण ठरवायची पद्धत होती. चॅनेल ‘मुलांसाठी नाही’ म्हणून त्यावरचे मुलांचे व्हिडिओसुद्धा ‘नाही’. २०२० मध्ये यूट्यूबने त्यांच्या ३०० हून जास्त व्हिडिओंच्या खुणा स्वतः बदलल्या, तरी पद्धत बदलली नाही. एवढी मोठी कंपनी या एका सेटिंगवर अडकली.

तेव्हा आधी चॅनेलच्या सेटिंगमध्ये `I want to review this setting for every video` निवडा. मग एकेक व्हिडिओ घ्या आणि स्वतःला विचारा, आई हे *कुणाशी बोलतायत?* कमिशन विषय बघतं, भाषा बघतं, मुलांना ओढणारी पात्रं, खेळ, साधी गाणी बघतं, आणि प्रत्यक्षात कोण बघतं याचा पुरावाही बघतं. नुसते भडक रंग किंवा कार्टून आहे म्हणून व्हिडिओ मुलांचा होत नाही, हेही त्यांनी सांगितलंय.

२३ बडबडगीतं: “चला, आता दोन्ही हात वर” असं आई म्हणत असतील तर प्रश्नच नाही, ‘हो’.

९ गोष्टी: ‘हो’.

५ ओव्या: आई ओवी म्हणून मग अर्थ, माहेर, दळणाचे दिवस यावर बोलतात का? तर ते मोठ्यांसाठी आहे. ‘नाही’, निर्धास्तपणे. पत्रं इथे सुरू होतील.

भोंडला आणि अंगाई मी बघितलेलं नाही, आधी तुम्ही सांगा त्यात काय आहे.

---

मृण्मयी_वाई

भोंडल्याच्या एका व्हिडिओत आई पाटावर हत्ती काढून सगळी गाणी क्रमाने म्हणते आणि मध्ये मध्ये सांगते की खिरापत ओळखायची कशी. दुसऱ्यात आमच्या वाड्यातल्या १२ मुली फेर धरून गातात. मुलींचे चेहरे दिसतात, त्यांच्या आयांना विचारून घेतलं होतं.

अंगाईच्या दोन्हींत आई नुसती पाळण्याच्या दोरीला हात लावून गाते. काही बोलत नाही.

---

मेधा_सोलापूर

पहिला भोंडला बायकांसाठी. मी स्वतः तो लावून आमच्या मंडळात गाणी बसवली. मुली आता कुठे शिकतात त्यावरून, आम्हीच शिकवतो.

---

हेमंत_ब

मेधाताईंशी सहमत, पहिला ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर किल्लेदारांना दिलं तेच. तो मुलांसाठी असो नसो, १२ मुलींचे चेहरे आहेत, तिथे कमेंटची अपेक्षाच सोडा. आणि मी तुमच्या जागी असतो तर आयांनी हो म्हटलं असलं तरी दुरून घेतलेला फेर ठेवला असता.

अंगाईवर मी अडलोय. ऐकणारं बाळ, पण बघणारी आई.

---

जि_प_मास्तर

बाळ सहा महिन्यांचं. ते कमेंट थोडंच करणार? ‘नाही’ करा.

---

अनघा_न्यूजर्सी

सर, माझा पुतण्या दीड वर्षाचा आहे आणि फोन समोर टेकवला की अंगाईवर झोपतो. शेजारी कुणी नसतं. ‘मुलांसाठी’ची खूण नसेल तर त्या फोनवर त्याच्या नावाने ना सही, पण ब्राउझरवरच्या त्या खुणेवर नोंद होणारच ना, रात्री साडेआठला या घरात बाळ झोपतं म्हणून. दुपट्यांच्या जाहिराती त्याच्यावरूनच येतात. मी ‘हो’ म्हणेन.

---

प्रसाद_दे

सगळ्या बाळांच्या आया अंगाई *शिकायलाही* बघतात. माझ्या बायकोने तसंच शिकलं. ‘नाही’.

पण वरचं माझं “मुलांना दिसणार नाही” ते चुकलं होतं, मान्य.

---

कोकणकन्या

मृण्मयी, पत्रांसाठी वर्णनात एखादा गूगल फॉर्म दे की! तिथे लोक लिहितील.

---

हेमंत_ब

फॉर्म दिला तर सांभाळून. मुलांच्या व्हिडिओखाली फॉर्म ठेवून त्यात नाव, वय, गाव विचारलं तर यूट्यूबने जे दार लावलं ते आपणच मागून उघडल्यासारखं होईल. द्यायचा तर ओव्यांच्या व्हिडिओखाली द्या, पालकांना उद्देशून, आणि मुलाचं काहीही न विचारता. त्यापेक्षा सोपं म्हणजे एकाच गाण्याचे दोन व्हिडिओ करा. एकात आई मुलांशी बोलतील. दुसऱ्यात आया-आज्यांशी बोलतील, की हे गाणं मी कुणाकडून ऐकलं, हातवारे कसे शिकवायचे, तुमच्याकडे कडवं कसं आहे. दुसऱ्याला ‘नाही’. पण ते खरंच मोठ्यांशी बोलणं हवं. तेच गाणं पुन्हा टाकून वर ‘पालकांसाठी’ लिहिलं तर चालणार नाही.

---

मृण्मयी_वाई

हे आईला फारच आवडलं. काल संध्याकाळी बसून ३२ ‘हो’ ठेवले, ५ ओव्या आणि पाटावरचा भोंडला ‘नाही’ केला. मुलींचा फेर तूर्त काढून घेतलाय, दसऱ्याला दुरून पुन्हा घेऊ. ओव्यांखालच्या कमेंट परत दिसू लागल्या. सकाळी नवं एक आलं, भुसावळहून, “आमच्या आत्याची चाल थोडी वेगळी आहे, म्हणून दाखवू का?” आईने चष्मा काढून पुसला आणि वही मागितली.

अंगाईचे दोन्ही ‘हो’ वरच आहेत अजून. अनघाचं दीड वर्षाचं बाळ डोळ्यांसमोरून जात नाहीये. आई म्हणते, अंगाई कशी म्हणायची हे ती बोलून दाखवेल, तो तिसरा व्हिडिओ करू आणि तो मोठ्यांचा ठेवू.

---

मेधा_सोलापूर

तिसरा आला की इथे दुवा टाक. आणि पाळण्याची दोरी जरा सैल बांधा, व्हिडिओत ताणलेली दिसते.